एकेरी तिकीट, डी व्हिसा आणि चेक-इन काउंटरवरची ऐंशी मिनिटे

नोकरीसाठी जर्मनीत कायमचे राहायला जाताना मी मुंबई ते फ्रँकफर्ट असे एकेरी तिकीट काढले होते आणि वाटेत आखातातील एका विमानतळावर विमान बदलायचे होते. तिकीट काढून देणाऱ्या पुण्यातील एजंटने मला ठामपणे सांगितले होते की डी व्हिसा असला की परतीचे तिकीट कोणी विचारत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, परंतु मध्यरात्री काउंटरवर उभ्या असलेल्या प्रवाशाला त्या बरोबर असण्याचा काहीही उपयोग होत नाही, हे मला 4,400 रुपये घालवून कळले.

विमान पहाटे 4 वाजून 25 मिनिटांचे होते. मी सव्वा वाजता काउंटरवर पोहोचले. आदल्या दिवशी वेब चेक-इन करताना बोर्डिंग पास तयार झाला नव्हता आणि कागदपत्रे विमानतळावर तपासली जातील, एवढाच संदेश आला होता. मी त्याकडे दुर्लक्ष केले, ही माझी पहिली चूक. एकेरी तिकिटावर असा संदेश आला, तर काउंटरवर प्रश्न विचारले जाणार हे गृहीत धरावे आणि चार तास आधी पोहोचावे. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होते, त्यामुळे हातात खरोखर किती वेळ आहे याचा हिशेब उड्डाणाच्या वेळेवरून न करता काउंटर बंद होण्याच्या वेळेवरून करावा.

काउंटरवरील तरुणाने पासपोर्ट चाळला, व्हिसा पाहिला आणि विचारले, "मॅडम, रिटर्न तिकीट?" मी नोकरीसाठी जात असल्याचे सांगून करारपत्र पुढे केले. त्याने व्हिसाच्या स्टिकरवरील 180 या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "एकशे ऐंशी दिवसांनी तुम्हाला बाहेर पडावेच लागेल ना? मग बाहेर पडण्याचे तिकीट कुठे आहे?"

त्या प्रश्नात सगळा गैरसमज सामावलेला होता, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. जर्मनीचा डी व्हिसा हा राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या वास्तव्यासाठीचा व्हिसा आहे. त्यावरचे दिवस म्हणजे देश सोडण्याची मुदत नसते. त्या काळात तिथे पोहोचून, पत्त्याची नोंदणी करून, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून वास्तव्य परवाना घ्यायचा असतो आणि मुक्काम पुढे त्या परवान्यावर चालतो. पर्यटक ज्यावर जातात तो शेंगेन सी व्हिसा मात्र कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी असतो. दोन्ही स्टिकर दिसायला जवळजवळ सारखे असतात, फरक प्रकाराच्या रकान्यातील एका अक्षराचा असतो, आणि रांगेत पन्नास प्रवासी उभे असताना ते एक अक्षर सहज नजरेतून निसटते.

विमान कंपन्या हे प्रश्न स्वतःच्या हौसेने विचारत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. युरोपच्या सीमेवर प्रवाशाला प्रवेश नाकारला गेला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर पडते. योग्य पासपोर्ट किंवा व्हिसा नसलेला प्रवासी आणल्यास दंडही होतो आणि 2001 च्या युरोपीय निर्देशानुसार तो दर प्रवाशामागे काही हजार युरोंचा असू शकतो. मात्र तो दंड प्रवासाच्या कागदपत्रांसाठी आहे. ज्याच्याजवळ वैध डी व्हिसा आहे, त्याच्याजवळ परतीचे तिकीट नाही म्हणून तो लागत नाही. काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

त्याच्यासमोरच्या पडद्यावर जी माहिती येते ती टिमॅटिक या प्रणालीतून येते. ती आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची आहे आणि प्रवाशाचे नागरिकत्व, व्हिसा व गंतव्य यांवरून कोणती कागदपत्रे हवीत हे ती सांगते. माझ्या वेळी त्याने मला जे वाक्य वाचून दाखवले, त्याचा आशय असा होता की परतीचे किंवा पुढचे तिकीट नसलेल्या अभ्यागतांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. या वाक्यातील दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. पहिला शब्द "अभ्यागत", आणि डी व्हिसाधारक अभ्यागत नसतो. दुसरा "शकतो", म्हणजे ती सूचना आहे, सक्ती नाही. शेंगेन सीमा संहितेच्या सहाव्या कलमातील प्रवेशाच्या अटी, ज्यांत परतीच्या खर्चाची सोय दाखवणे येते, 90 दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठीच लिहिलेल्या आहेत. त्याच कलमात पुढे असेही आहे की दीर्घ मुदतीचा व्हिसा असणाऱ्याला तो देणाऱ्या देशापर्यंत पोहोचण्यासाठी अन्य शेंगेन देशातून जाऊ द्यावे. म्हणून कोणी माझ्यासारखे आखातातून न जाता शेंगेनमधल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलणार असेल, तर त्यांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे "व्हिसा जर्मनीचा आणि उतरणार दुसरीकडे" असा आणखी एक प्रश्न उपस्थित होतो.

हे सगळे मला आज माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हते, म्हणून मी वाद घातला, आवाज चढवला आणि तीस मिनिटे वाया घालवली. दोन वाजायला दहा मिनिटे असताना वरिष्ठ कर्मचारी आले. त्यांनी पडदा न पाहताच सांगितले की तिकीट घ्या, पोहोचल्यावर रद्द करा, सगळेच असे करतात. विमानतळावरील तिकीट खिडकीवर परतीच्या तिकिटाचा भाव 84,000 रुपये सांगण्यात आला. तेच विमान, तीच तारीख आणि तोच परताव्याचा वर्ग मला त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर फोनवरून 58,300 रुपयांना मिळाला. खिडकीवर काहीही विकत घेऊ नये, एवढेच मी सांगेन. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात पडला तेव्हा बाहेर काचेपलीकडे थांबलेल्या बाबांना हात करण्याइतकेही त्राण उरले नव्हते.

फ्रँकफर्टच्या सीमा अधिकाऱ्याने करारपत्र पाहिले, राहण्याचा पत्ता विचारला आणि शिक्का मारला. परतीच्या तिकिटाचा विषयही निघाला नाही. ज्या कागदासाठी माझी रात्र गेली तो बॅगेतून बाहेरसुद्धा आला नाही. सामान घेऊन बाहेर आल्यावर मी ते तिकीट रद्द केले. भाड्याच्या नियमांनुसार 3,500 रुपये कापले गेले, बुकिंगचे 900 रुपये शुल्क परत मिळतच नाही, आणि उरलेले 53,900 रुपये तेविसाव्या दिवशी खात्यात आले. नव्या देशात घराची अनामत भरण्याच्या दिवसांत तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकून पडणे मला त्या 4,400 रुपयांपेक्षा जास्त जाचले.

माझ्या मागून येणाऱ्यांनी पुढील क्रमाने जावे, असा माझा सल्ला आहे. टिमॅटिकची सर्वसामान्यांसाठी खुली असलेली माहिती आयाटाच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे भारतीय पासपोर्ट, गंतव्य आणि डी व्हिसा असे नीट भरून आलेले पान छापून घ्यावे. त्याबरोबर करारपत्र आणि राहण्याचा पत्ता ठेवावा. निघण्याच्या आठवडाभर आधी विमान कंपनीला लेखी विचारावे की डी व्हिसा व एकेरी तिकीट यांवर परतीचे तिकीट लागेल का, आणि त्यांचे उत्तर फोनमध्ये न ठेवता कागदावर ठेवावे. काउंटरवर अडचण आली तर कनिष्ठ कर्मचाऱ्याशी वाद घालू नये. पहिल्या पाच मिनिटांतच शांतपणे ड्युटी मॅनेजरना बोलवायला सांगावे आणि फक्त प्रकाराच्या रकान्यातील अक्षरावर बोट ठेवावे. मी जी चिडचिड केली तिने त्या तरुणाला माघार घेणे अवघड झाले, हे मला मान्य आहे.

तरीही तिकीट घ्यावेच लागले, तर ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावे आणि "परतावा मिळेल" एवढ्या शब्दांवर विसंबू नये. अनेक स्वस्त तिकिटांत फक्त काही कर परत मिळतात. भाड्याच्या नियमांत प्रस्थानापूर्वी रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल ती ओळ शोधून वाचावी. तिकिटाची तारीख व्हिसाच्या मुदतीच्या आतील असावी, आणि सीमा ओलांडेपर्यंत ते रद्द करू नये. रद्द करायला विसरलात आणि विमान निघून गेले, तर "नो-शो" म्हणून बहुतेक पैसे बुडतात, म्हणून फोनमध्ये गजर लावून ठेवावा.

काही जण थोड्या पैशांत दोन दिवस टिकणारे आरक्षण भाड्याने देतात. हा मार्ग मी स्वतः वापरलेला नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. सहा अक्षरांचा पीएनआर हे केवळ आरक्षण असते. तिकीट खरोखर निघाले असेल तर त्याला तेरा आकड्यांचा ई-तिकीट क्रमांक असतो, आणि अनुभवी कर्मचारी तोच शोधतो. जे नुसते बनावट पीडीएफ असते ते काउंटरवर उघडे पडले तर विमान जाते. सीमा अधिकाऱ्यासमोर उघडे पडले तर ती फसवणूक ठरते, आणि ज्या देशात आयुष्य उभे करायचे आहे तिथली पहिली नोंद अशी होणे परवडणारे नाही.

आणखी एक पर्याय मला फार उशिरा सुचला. तिकीट काढताना जाण्यायेण्याचे एकत्र तिकीट पाहायला हवे होते, कारण काही मार्गांवर ते एकेरीपेक्षा फारसे महाग नसते, कधी कधी स्वस्तही असते. जाण्याचा टप्पा वापरून परतीचा सोडून दिला तर चालते. याच्या उलट, जाण्याचा टप्पा सोडला तर परतीचा आपोआप रद्द होतो. परतीची तारीख बदलता येणारे तिकीट असेल तर ते साधारणपणे प्रवास सुरू झाल्यापासून वर्षभर उपयोगी पडते, आणि पहिल्या दिवाळीला घरी यायचे असेल तर ते वायाही जात नाही.

ज्यांच्याजवळ दीर्घ मुदतीचा व्हिसा नाही आणि जे पर्यटक म्हणून प्रवेश करून पुढे काय ते पाहू असे म्हणतात, त्यांना वरचे युक्तिवाद लागू होत नाहीत. त्यांच्याकडे परतीचे किंवा पुढचे तिकीट मागणे योग्यच आहे. पुढचे तिकीट तिसऱ्या देशाचे असेल, तर तिथे भारतीय पासपोर्टवर प्रवेश मिळतो की नाही हेही काउंटरवर पाहिले जाते, त्यामुळे केवळ सर्वांत स्वस्त म्हणून निवडलेले ठिकाण कामी येत नाही. माझी आई शरद ऋतूत सी व्हिसावर आली तेव्हा तिने जाण्यायेण्याचे तिकीट काढले होते. त्याच काउंटरवर तिने ते दाखवले आणि एका मिनिटात बोर्डिंग पास घेऊन ती पुढे निघाली.