हँडलवरचा फोन आणि थरथरणारा कॅमेरा

घाट संपून पठार सुरू होतं तिथे आम्ही गाड्या लावल्या. ढग खालून वर चढत होते आणि दरी मध्येच उघडायची, मध्येच झाकायची. मित्राने हँडलवरच्या होल्डरमधून फोन काढला, कॅमेरा उघडला आणि दरीकडे धरला. स्क्रीनवर डोंगर उकळत्या पाण्यात बघितल्यासारखे हलत होते. फोनमधून बारीक किरकिरही ऐकू येत होती.

"अरे, माझा हात थरथरतोय का?" त्याने विचारलं. मी फोन दगडावर टेकवून ठेवला. चित्र तसंच नाचत राहिलं. मग वाइड अँगल, म्हणजे 0.5x लावलं, तर चित्र एकदम स्थिर. पुढचा कॅमेराही ठीक. परत 1x वर आलो की थयथयाट सुरू. या एवढ्या तपासणीतून बरंच कळतं. बऱ्याच फोनमध्ये वाइड आणि पुढच्या कॅमेऱ्याला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे ओआयएस, नसतं, पण मुख्य कॅमेऱ्याला असतं. त्यामुळे फक्त मुख्य कॅमेराच नाचत असेल तर संशय सरळ त्या यंत्रणेवर जातो. सॉफ्टवेअरचा घोळ असता तर फोन बंद-चालू केल्यावर बहुधा गेला असता. इथे तो गेला नाही.

त्याची गाडी मोठी सिंगल सिलिंडर. सकाळपासून आम्ही सरळ हायवेवर होतो आणि त्याचा टॅकोमीटर बराच वेळ 4,200 आरपीएमच्या आसपास टेकलेला. म्हणजे क्रँक सेकंदाला 70 फेऱ्या मारतो आणि पिस्टनच्या खाली-वर होण्याचा मुख्य झटकाही सेकंदाला 70 वेळा बसतो. तासाभरात 2,52,000 झटके. होल्डर धातूचा, हँडलच्या नळीवर घट्ट आवळलेला, मध्ये रबराचा तुकडाही नाही. इंजिन चेसिसला हलवतं, चेसिस हँडलला, हँडल फोनला, आणि फोनच्या आत एक भिंग लोंबकळत असतं.

लोंबकळत असतं हे अक्षरशः खरं आहे. ओआयएसमध्ये भिंग किंवा काही फोनमध्ये सेन्सर बारीक तारांवर, स्प्रिंगवर किंवा छोट्या गोळ्यांवर सैल बसवलेला असतो. जायरोस्कोप हाताची थरथर मोजतो, कॉइल आणि चुंबक त्या भागाला उलट दिशेला ढकलतात. हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण 10 वेळांच्या घरातली असते, आणि ही यंत्रणा तिच्यासाठी बनवलेली आहे. तासन् तास सेकंदाला 70 धक्के खाणं हे तिचं काम नव्हे. शिवाय नकाशा चालू असताना कॅमेरा बंदच असतो, त्यामुळे कॉइलमध्ये वीज नसते आणि भिंगाला धरून ठेवणारं कोणी नसतं. ते आपल्या चौकटीत नुसतं आपटत राहतं. अशा आपटण्याने तारा आणि स्प्रिंग थकतात, गोळ्यांच्या खोबणी झिजतात.

अॅपलने 2021 साली आपल्या आयफोनबद्दल हीच सूचना लेखी दिली. जास्त ताकदीच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर चेसिस किंवा हँडलला फोन थेट लावू नका, आणि मोपेड-स्कूटरसारख्या हलक्या किंवा इलेक्ट्रिक गाडीवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा माउंट वापरा, तोही फार वेळ नको. हा त्रास एकाच कंपनीच्या फोनचा नाही. ओआयएस असलेला कुठलाही फोन याच रांगेत उभा आहे. मित्राचा कॅमेरा त्याच एका सकाळी बिघडला असंही मी म्हणणार नाही, कारण आधीच्या प्रवासातले त्याचे व्हिडिओ पाहिले तर कडा विरघळायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

पुढच्या मुक्कामापर्यंत डोक्यात होल्डरच घोळत होता. बाजारात 'अँटी व्हायब्रेशन' लिहिलेले खूप मिळतात, पण रबर लावलं की काम झालं असं नसतं. प्रत्येक रबरी आधाराला फोनच्या वजनासह स्वतःची एक लय असते. इंजिनचा कंप त्या लयीच्या सुमारे 1.4 पट वेगाच्या वर गेला तरच रबर तो अडवायला लागतं. त्याच्या खाली तो जसाच्या तसा जातो किंवा उलट वाढतो.

मऊ सिलिकॉनचा चांगला डॅम्पर घ्या आणि त्याची लय सेकंदाला 20 धरा. मित्राच्या गाडीच्या 70 च्या कंपाला तो साधारण दहाव्या हिश्शावर आणतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच झिरपतो. मात्र 1,200 आरपीएमवर, म्हणजे आयडलवर, इंजिनही सेकंदाला 20 वेळा हलतं आणि फोन जोरात डोलायला लागतो. सिग्नलला डोलणारा फोन बघून लोक घाबरतात, पण तो मिनिटभराचा प्रश्न आहे. आता कडक प्लॅस्टिकमध्ये पातळ फोम भरलेला स्वस्त माउंट बघा. त्याची लय 60 असेल तर तो 5,100 आरपीएमच्या खाली काही वाचवत नाही. 4,200 वर तर फोनला हँडलपेक्षा दुपटीहून जास्त हलवतो. त्यापेक्षा नुसता धातूचा होल्डर बरा!

विकत घेताना ही लय कोणी छापत नाही, म्हणून मी हाताने तपासतो. फोन बसवून बोटाने टिचकी मारायची. तो हळू, मोठा झोका घेऊन पटकन शांत झाला तर ठीक. टणकन थरथरला तर नको. लांब दांड्याचे माउंट मी बघतच नाही, आणि आरशाच्या दांडीवर बसणारे तर मुळीच नाहीत. ज्या आरपीएमवर आरशातली मागची गाडी पुसट दिसते, त्या आरपीएमवर तिथे लावलेल्या फोनचं काय होत असेल ते आरसाच सांगतो. हँडलच्या मधोमध, वरच्या क्लँपजवळ कंप बहुतेक गाड्यांवर टोकांपेक्षा कमी असतो. चुंबकाने चिकटणारे माउंट वेगळ्या कारणासाठी नकोत. भिंग कुठे आहे हे सांगणारे सेन्सर चुंबकीय असतात, आणि कॅमेऱ्याजवळचा चुंबक त्यांना फसवू शकतो.

उरलेल्या प्रवासात मित्राचा फोन जॅकेटच्या छातीच्या खिशात राहिला आणि रस्ता हेल्मेटमधल्या हेडसेटवर ऐकू आला. अंग हा सर्वात चांगला डॅम्पर आहे, आणि फुकटचा. एका वळणावर सूचना उशिरा आली, पाच-दहा मिनिटं गेली, पण नको त्या रस्त्यावर एक सुंदर तळं लागलं. नकाशा डोळ्यासमोर हवाच असणाऱ्यांनी ओआयएस नसलेला जुना फोन हँडलला लावावा. माझा तसाच आहे, कॅमेरा सुमार आणि त्यामुळे बिनधास्त.

परतल्यावर दुरुस्तीवाल्याने सांगितलं की आतली तार किंवा गोळी बदलत नाहीत, अख्खं कॅमेरा मॉड्यूल बदलतात. मित्राने ते बदलून घेतलं. आता तो नवीन फोनच्या शोधात आहे आणि सेकंडहँड बघतोय, तेव्हा मी त्याला एक तपासणी दिली आहे. कॅमेरा बंद ठेवून फोन हलका हलवायचा. बारीक खुळखुळ आली तर घाबरायचं नाही, बऱ्याच फोनमध्ये सैल भिंगाचा तो नेहमीचा आवाज असतो. मग कॅमेरा चालू करून तसंच हलवायचं. कॉइलने भिंग धरलं की खुळखुळ थांबायला हवी. ती तशीच राहिली, किंवा दूरच्या पाटीवर 1x धरल्यावर अक्षरं लाटेसारखी हलली, तर तो फोन परत द्यायचा.