पोथी टाइप करताना दंड, ओवी क्रमांक आणि ओळी: माझा अनुभव

आजीची जुनी पोथी वर्डमध्ये उतरवायला घेतली तेव्हा वाटलं होतं जोडाक्षरं त्रास देतील, पण खरा वेळ खाल्ला तो दंडांनी आणि ओळींनी. पोथीचा कॉलम अरुंद, त्यामुळे चरण मावला नाही की छापणाऱ्याने तो सरळ खालच्या ओळीत ढकललाय. म्हणजे छापलेलं असं दिसतं (शब्द माझे आहेत, मांडणी पोथीसारखी):

```
दारी तुळस अंगणी दिवा । पहाटे
उठोनि करीन सेवा । देवा तुझा
विसर न व्हावा । हेचि मागणे
॥ ४७ ॥
```

हे जसंच्या तसं टाइप केलं तर वाचताना चाल पार मोडते. इथे ओळ कुठे तोडायची ते कागद नाही, यमक सांगतं. दिवा, सेवा, व्हावा असे तीन चरण जुळतात आणि चौथा आखूड, म्हणून मी दोन-दोन चरणांची एक ओळ धरली आणि ओवी दोन ओळींत बसवली.

मग एक नियम पक्का केला: ओवीच्या आत ओळ तोडायची तर Shift+Enter, आणि ओवी संपली की साधा Enter. पान उलटताना अर्धी ओवी इकडे अर्धी तिकडे असली तरी मध्ये Enter नाही द्यायचा. याचा फायदा शेवटी कळतो, कारण एक ओवी म्हणजे एक परिच्छेद, म्हणजे अध्यायाचे परिच्छेद मोजले की ओव्या मोजल्या गेल्या (मथळा आणि समाप्तीची ओळ वगळून).

दंडाचं म्हणाल तर कीबोर्डवरची उभी रेघ | वापरूच नका, दिसते तशीच पण अक्षर वेगळं, शोधताना सापडत नाही. दुहेरी दंडही ॥ हे एकच अक्षर आहे, दोन एकेरी जोडून केलेला ।। नाही. माझ्याकडे दोन्ही मिसळले होते, ते Replace All ने एकदम बदलून घेतले. जुन्या छपाईत दंड शब्दाला चिकटलेला असतो आणि काना वाटतो, म्हणून शेवटी ाा पण शोधून बघा. आणि ॥ ४७ ॥ मधल्या व आधीच्या जागा Ctrl+Shift+Space ने द्या, म्हणजे आकडा एकटा खालच्या ओळीत पडत नाही.

क्रमांक हाताने टाइप करायचे, वर्डचं ऑटो नंबरिंग बंद. कारण एका अध्यायात शेवटचा आकडा ११२ आणि माझे परिच्छेद भरले ११३. अध्याय अर्धा-अर्धा करत गेले, मध्यावर ओवी ५६ पाहिली तर तो परिच्छेद ५७वा, म्हणजे गडबड त्याच्या आधीच, मग पंचविशीपाशी सगळं बरोबर, असं करत सापडलं की छापतानाच ३८ दोनदा पडलाय. तो मी सुधारला नाही. घरात लोक ओवी आकड्याने सांगतात, तो छापील पोथीशी जुळायलाच हवा, म्हणून दुसऱ्या ३८ वर फक्त तळटीप दिली.