आमची वाटचाल: खाते बदलल्याचे पत्र

भोसरी एमआयडीसीत मी आणि माझ्या भागीदाराने एका जुन्या लेथवर जॉबवर्क सुरू केलं. माप त्याचं, बिलं माझी. त्याचा बोअर गेज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि आजही कॅलिब्रेशनला पास होतो, हल्लीच्या पोरांना डिजिटलशिवाय हात चालत नाही ते सोडा. पुढे संगणकावर चालणारी व्हीएमसी मशीन आली, गाळा मोठा झाला. ती वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोरोनानंतर मात्र एका मोठ्या ग्राहकाने आमचे साडेनऊ लाख भलत्याच खात्यात भरले. त्यांच्या खरेदी विभागाचे मेल कोणीतरी चोरून वाचत होतं. आमच्या खऱ्या बिलामागोमाग त्यांना पत्र गेलं: ‘ऑडिटमुळे आमचे बँक खाते तातडीने बदलले आहे. यापुढील रक्कम खालील खात्यात भरावी. शंका असल्यास खालील नंबरवर संपर्क साधावा.’ लेटरहेड हुबेहूब आमचंच. मेलच्या पत्त्यात फक्त m च्या जागी rn. खालच्या नंबरवर त्यांनी फोनही केला, आणि पलीकडच्या भामट्याने ‘हो, खातं बदललंय’ म्हणून सांगितलं! तेव्हा आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांक बघून जमा व्हायचे, नाव कोणी ताडून बघत नसे.

आम्ही वसुलीचा फोन केला तेव्हा उत्तर आलं, ‘भरले की.’ सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर तक्रार झाली तोवर पैसे पुढे सरकले होते. ग्राहक म्हणाला, आम्ही भरले, तुमचं तुम्ही बघा. माल गेलेला, जीएसटी भरलेला, मशीनचा हप्ता थकलेला. त्यात शेजारच्या गल्लीतल्या आमच्या स्पर्धकाने बाजारात सोडून दिलं की यांचं खातं बँकेने गोठवलंय. सांगलीचे एक जुने ग्राहक आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी पुढच्या ऑर्डरचे पैसे आगाऊ दिले, म्हणून त्या महिन्याचे पगार झाले.

गेल्या वर्षी आमची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, दुसऱ्या बँकेत गेली आणि खरोखरच खाते बदलायची वेळ आली. अकाउंट्सच्या मॅडमनी पत्र टाईप करून आणलं. मी त्या भामट्याचं पत्र फाईलमधून काढून शेजारी ठेवलं. तातडीने, खालील खाते, खालील नंबर. सही सोडली तर फरक शून्य. आपण स्वतःच ग्राहकाला असल्या पत्रावर विश्वास ठेवायची सवय लावत होतो.

मग पत्र नव्याने लिहिलं. पहिली गोष्ट, त्यात खाते क्रमांक घातलाच नाही, फोन नंबरही नाही. लिहिलं: ‘आमचे बँक खाते बदलत आहे. तुमच्या जुन्या पर्चेस ऑर्डरवर आमचा जो नंबर आहे, त्यावर तुम्ही स्वतः फोन करा. या पत्रावरचा, मेलमधला किंवा तुम्हाला आलेल्या कॉलचा नंबर वापरू नका. रद्द केलेला चेक आमचा माणूस डिलिव्हरी चलनासोबत हाती देईल.’ लेटरहेडवरचा छापील नंबरही त्या पत्रापुरता काढला.

मॅडमना घाईचं वाक्य हवं होतं, नाहीतर लोक जुन्या खात्यात भरतील म्हणून. भरू देत की! आमच्या बँकेकडून आधी खात्री करून घेतली आणि लिहिलं: ‘घाई नाही. जुने खाते बंद झाल्यावर तिथे भरलेली रक्कम तुमच्याकडे परत येते. पडताळणीत उशीर झाला तर व्याज लावणार नाही.’ भामट्याला घाई लागते, तो असं लिहूच शकत नाही. पण हे वाक्य लिहिलंत तर पाळायला लागतं. एका ग्राहकाने पडताळणीपायी पेमेंट पुढच्या महिन्यावर नेलं, तेव्हा मी तोंड मिटून बसलो.

पुढे लिहिलं: ‘आधी एक रुपया पाठवा. तो आला का, हे त्याच जुन्या नंबरवर विचारा, मेलवर नको.’ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव दिसायची सोय बँकांनी द्यायची आहे, तेही बघायला सांगितलं. पण केवळ नावावर जाऊ नका, आपल्याशी मिळत्याजुळत्या नावाचं खातं कोणीही उघडू शकतो. शेवटचं वाक्य: ‘यानंतर पुन्हा खाते बदलल्याचे पत्र आले, तर आमच्याशी बोलेपर्यंत ते खोटे समजा.’

पत्र मिळताच काकांचा फोन आला, ‘अरे, खाते क्रमांक टाकायला विसरलास!’ म्हटलं, काका, त्यासाठीच तर तुम्ही फोन केलात. नंबर मात्र जुनाच लावला होता त्यांनी.

आता तो स्पर्धकही बँक बदलतोय. आमचं पत्र त्याने कुठूनसं मिळवलं आणि शब्दन् शब्द उतरवलं. तळाला फक्त स्वतःची भर घातली: ‘अधिक माहितीसाठी संपर्क’, आणि पुढे नवा मोबाईल नंबर.