जनता घड्याळाची घरगुती क्रोनोमीटर चाचणी : दहा दिवसांची नोंद

माझे एचएमटी जनता सर्व्हिसिंगहून परत आले तेव्हा ते दिवसाला साधारण सहा सेकंद पुढे जात होते. घड्याळाच्या अचूकतेबद्दल मिळणाऱ्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राची मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद अशी असल्याचे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते, त्यामुळे माझे घड्याळही जवळजवळ क्रोनोमीटरच आहे असा माझा समज झाला. तो तपासून पाहावा म्हणून प्रमाणपत्राच्या चाचणीचा घरी जमेल तेवढा भाग मी दहा दिवस करून पाहिला. सोबत तुलनेसाठी प्रमाणपत्र असलेले, जुने विकत घेतलेले एक स्विस घड्याळ ठेवले.

आधी मूळ चाचणीविषयी थोडे. स्वित्झर्लंडमध्ये हे प्रमाणपत्र कॉस्क ही १९७३ साली स्थापन झालेली संस्था देते आणि तिचे निकष आयएसओ ३१५९ या मानकावर आधारलेले आहेत. चाचणीसाठी सहसा पूर्ण घड्याळ जात नाही. केसमध्ये न बसवलेले मशीन तात्पुरती तबकडी आणि सेकंदकाटा लावून पाठवले जाते. नमुन्यादाखल काही मशीन तपासून संपूर्ण तुकडीला शिक्का मिळत नाही, तर क्रमांक असलेले प्रत्येक मशीन १५ दिवस स्वतंत्रपणे तपासले जाते. पाच स्थितींमध्ये प्रत्येकी दोन दिवस, त्यानंतर ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअसला एकेक दिवस आणि शेवटी पुन्हा पहिल्या स्थितीत दोन दिवस असा तिचा क्रम असतो. रोज ठरलेल्या वेळी चावी दिली जाते आणि चोवीस तासांतील फरक नोंदवला जातो. (क्रोनोमीटरचा आणि क्रोनोग्राफचा काही संबंध नाही. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, मग ते कितीही चुकीची वेळ दाखवो.)

महत्त्वाची गोष्ट अशी की उणे ४ ते अधिक ६ ही मर्यादा सातांपैकी फक्त एका निकषाची आहे. ती पहिल्या दहा दिवसांच्या सरासरीला लागू होते. उरलेले निकष घड्याळ किती पुढे किंवा मागे जाते हे विचारत नाहीत, ते रोज आणि प्रत्येक स्थितीत सारखेच वागते का हे विचारतात.

माझी पद्धत साधी होती. रोज रात्री नऊ वाजता चावी पूर्ण द्यायची, मोबाइलवरच्या नेटवर्क वेळेशी सेकंदकाटा ताडून फरक वहीत लिहायचा आणि दहा दिवस काटे अजिबात हलवायचे नाहीत. तापमानाचा भाग मी वगळला, कारण फ्रिजमधून बाहेर काढलेल्या घड्याळात बाष्प धरण्याचा धोका पत्करायची माझी तयारी नव्हती.

जनताचे आकडे पुढीलप्रमाणे आले. चावी डावीकडे ठेवून उभे असताना उणे ३ आणि उणे १; चावी वर असताना उणे १२ आणि उणे ९; चावी खाली असताना अधिक ७ आणि अधिक ९; तबकडी खाली असताना अधिक १५ आणि अधिक १७; तबकडी वर असताना अधिक १६ आणि अधिक २०. दहा दिवसांची बेरीज ५९, म्हणजे सरासरी अधिक ५.९. पहिला निकष काठावर का होईना, पण पार पडला.

पुढचे गणित मात्र डोळे उघडणारे होते. एकाच स्थितीतील लागोपाठच्या दोन दिवसांत सरासरी २ सेकंदांपर्यंत फरक चालतो, माझा २.६ आला. दहापैकी कोणताही दिवस सरासरीपासून १० सेकंदांहून अधिक दूर जाता कामा नये, आणि येथे चावी वर असलेला पहिला दिवस सरासरीपासून जवळजवळ १८ सेकंद दूर होता. उभ्या पहिल्या स्थितीची सरासरी उणे २ आणि तबकडी वर असतानाची अधिक १८, म्हणजे दोहोंत २० सेकंदांची तफावत. तेथे उभ्या स्थितीतले घड्याळ आडव्यापेक्षा फार तर ६ सेकंद मागे पडलेले चालते. स्विस घड्याळाची सरासरी अधिक २.९ होती, म्हणजे जनतापेक्षा केवळ तीन सेकंदांनी चांगली. परंतु त्याचा सर्वांत कमी आकडा शून्य आणि सर्वांत मोठा अधिक ५ होता. खरा फरक तेथे आहे.

हा फरक बॅलन्स व्हीलमुळे, म्हणजे झोके घेत घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकामुळे पडतो. घड्याळ आडवे असताना बॅलन्सचा आस आपल्या अणकुचीदार टोकावर टेकलेला असतो, घर्षण कमी असते आणि झोका मोठा बसतो. उभे केल्यावर त्याच आसाची बाजू रत्नाच्या छिद्राला घासते, त्यामुळे झोका लहान होतो. त्यातच चाकाची एखादी बाजू किंचित जड असली, तर गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढते आणि चावी वर असतानाचा आकडा चावी खाली असतानाच्या आकड्यापासून दूर जातो. माझ्या नोंदीत या दोन स्थितींत १८ सेकंदांहून अधिक अंतर आहे, म्हणून माझा संशय बॅलन्सच्या तोलावर आहे. चाल कमी-जास्त करणारी रेग्युलेटरची पट्टी सरकवून हे दुरुस्त होणार नाही, कारण ती सर्व स्थितींचे आकडे एकत्रच वर किंवा खाली नेते. उणे १२ ते अधिक २० हे ३२ सेकंदांचे अंतर तसेच राहते. म्हणून मी पट्टीला हात लावलेला नाही.

मग सामान्य चूक कोणती मानायची? प्रचलित जपानी एनएच३५ मशीनसाठी उत्पादकच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद सांगतो, जरी बऱ्याच नगांची प्रत्यक्ष चाल त्याहून चांगली असते. सर्व्हिसिंग झालेल्या जुन्या जनतासारख्या घड्याळाची वीसेक सेकंदांची चूक मी दोष मानणार नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यात २० सेकंद म्हणजे टक्क्याच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. चिंता करावी ती आकडा अचानक बदलल्यावर. अधिक ६ वर चालणारे घड्याळ एका दिवसात काही मिनिटे पुढे गेले, तर बहुधा बॅलन्सला झोके देणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागून तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई हलली तर डीमॅग्नेटायझरने काही सेकंदांत काम होते. आकडा महिनोन्महिने हळूहळू सरकत असेल आणि चावी पूर्वीपेक्षा लवकर उतरत असेल, तर तेल वाळले आहे असे समजावे. प्रमाणपत्र या दोहोंपासून संरक्षण देत नाही. मशीन चाचणीच्या पंधरा दिवसांत कसे चालले एवढेच ते सांगते.

सध्या मी आकड्यांचा उपयोग रात्रीसाठी करतो आहे. दिवसा सोळा तास मनगटावर जनता सुमारे ६ सेकंद पुढे जाते. रात्री आठ तास तबकडी वर ठेवून निजवले, तर आणखी ६ सेकंदांची भर पडून ते १२ सेकंद पुढे जाते. चावी वर करून पेल्याला टेकवून उभे ठेवले, तर तेवढ्या वेळात साडेतीन सेकंद मागे पडते आणि दिवसाची चूक अडीच सेकंदांवर येते. गेले चार दिवस हे करतो आहे. आजवरची एकूण चूक अधिक ११ सेकंद आहे.