आमची वाटचाल: भाड्याच्या सायकलीपासून मापाच्या सायकलीपर्यंत

साताऱ्यात वडिलांनी सुरुवात केली ती पंक्चर काढण्यापासून आणि तासावर भाड्याने सायकल देण्यापासून. तेव्हा मुलं मोठ्यांच्याच सायकलवर हाफ पायडल मारत शिकायची. भाड्याचा धंदा आटला, तसं मी नव्या सायकली ठेवायला लागलो. आज आमचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे पहिली सायकल घ्यायला आलेलं कुटुंब. "जरा मोठीच द्या, दोन-तीन वर्षं चालली पाहिजे," हे वाक्य ठरलेलं.

त्यावर मी वाद घालत नाही, टेप काढतो. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं, दोन पायांमध्ये एक पातळ वही खालून वर अलगद टेकवायची आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. हे पायाचं माप. वयापेक्षा तेच खरं.

मध्यंतरी आठ वर्षांची एक मुलगी आजोबांबरोबर आली. उंची १२२ सेंटीमीटर, पायाचं माप ५६. आजोबांच्या मनात गिअरची २४ इंची होती. तिची सीट अगदी खाली केली तरी ६८ वर, म्हणजे पोरीचे पाय अधांतरी. मग २० इंची दोन काढल्या. एकीची सीट ६१ च्या खाली येईना, दुसरीची ५५ पर्यंत उतरली. २० इंच हे चाकाचं माप, फ्रेमचं नव्हे, त्यामुळे हा फरक पडतो. शिकाऊ मुलाचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. म्हणून दुसरी घेतली.

मग ब्रेक. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं आमचं गाव, उताराला तोटा नाही. बोटं मुठीवरून न सरकवता लिव्हरपर्यंत पोचायला हवीत. तिची पोचत नव्हती. बऱ्याच लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो. तो आत घेतला की लिव्हर मुठीकडे येते. गिअर मात्र मी नको म्हटलं. त्याने वजन वाढतं, आणि आधी हात ब्रेकवर बसू दे. हेल्मेट डोक्याचा घेर मोजून दिलं, भुवयांच्या वर दोन बोटं.

साइडची चाकं लावायच्या ऐवजी मी दोन्ही पायडल काढून दिली. पायांनी ढकलत तोल आला की पायडल परत बसवायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. घरी जोर लावणारे आटेच खाऊन टाकतात, म्हणून बसवायला दुकानातच बोलावतो. आजोबा नातीला घेऊन आले, तेव्हा तिने दुकानापुढे ब्रेक लावून दाखवला. मग सीट दोन बोटं वर घेतली.

सीटच्या नळीवर एक खूण असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर दिसायला लागली, की २४ इंचीचं बघू, असं आजोबांना सांगून ठेवलंय.