आजीला पोस्टकार्ड, शब्द चाळीस

परवा दुपारी भाचीच्या आठ वर्षांच्या मुलीने आपली वही माझ्यापुढे सरकवली आणि "मामाआजोबा, एवढं तपासून द्या," असे म्हणून ती पेन्सिलीला टोक काढत बसली. वहीत छापलेला स्वाध्याय असा होता: "तुम्ही सुट्टीत बाहेरगावी गेला आहात. तेथून आजीला पोस्टकार्ड लिहा. शब्द चाळीस." खाली पोस्टकार्डाचा आडवा चौकोन, मध्ये उभी रेघ, उजवीकडे पत्त्याच्या चार ओळी. पत्त्यावर तिने "आजी, आजीचे घर" असे लिहून तो विषय संपवला होता. डावीकडचा मजकूर असा होता:

"प्रिय आजी, तू कशी आहेस? मी मजेत आहे. आपण काल समुद्रावर गेलो. समुद्र खूप छान आहे. मी एक शंख सापडला. इथे खूप मजा येते. आता मला झोपायला जायचे आहे. तुझी लाडकी नात."

हे बत्तीस शब्द झाले. आठ कमी पडल्याची तिला चिंता होती, आणि "खूप" आणखी आठ वेळा लिहिले तर चालेल का, अशी तिची रास्त शंका होती.

हा स्वाध्याय माझ्याही वाट्याला आला होता. त्या वेळी आमची आजी आमच्याच घरात राहत असे आणि आम्ही सुट्टीत कुठेही गेलेलो नव्हतो. तरीही मी न पाहिलेल्या डोंगराचे वर्णन करून, "येथील हवा आल्हाददायक आहे" असे वाक्य कुठूनतरी उचलून, ते कार्ड आजीच्या शेजारी बसूनच तिला वाचायला दिले. तिने चष्मा लावून ते नीट वाचले आणि माझ्याकडे पाहून गंभीरपणे विचारले, "मग परत कधी येणार आहेस?" माझ्या थोरल्या बहिणीने मात्र आपल्या वर्गात "मी कुठेही गेलेले नाही, शेजारच्या खोलीतून लिहीत आहे" असे लिहिले होते आणि त्यावर तांबडी रेघ मिळवली होती. तीच बहीण आता या मुलीची आजी आहे. तेव्हा समोरचे कार्ड कोण वाचणार आणि वाचून काय म्हणणार, याची मला पुरेपूर कल्पना होती.

चाळीस हा आकडा कोणी लहर म्हणून घातलेला नसावा, असे मला मोजताना वाटले. पोस्टकार्ड साधारण १४८ मिलिमीटर लांब आणि १०५ मिलिमीटर रुंद असते; त्यातला पत्त्याचा अर्धा भाग गेला की मजकुराला जेमतेम सात सेंटिमीटरांची ओळ उरते. नवशिक्याचे अक्षर मोठे, त्यामुळे ओळीत चार शब्द आणि एकेक सेंटिमीटर अंतराने फार तर दहा ओळी. ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी पोस्टाचे पहिले कार्ड निघाले, पण त्या आधी ज्या एमान्युएल हेरमान यांनी ही कल्पना मांडली होती, त्यांना तर वीस शब्दांचीच मर्यादा हवी होती. त्या हिशेबाने "तू कशी आहेस, मी मजेत आहे" एवढ्यातच तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा गेली असती. विचारपूस वाईट नाही. मात्र पोस्टकार्डावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सोय नसते, कारण उत्तर पोहोचेपर्यंत विचारणारा तिथून हललेला असतो.

"मी शंख सापडला" हे "मला शंख सापडला" करून ती लगेच मोकळी झाली. त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हते. वाद झाला तो "आपण"वर. "आपण समुद्रावर गेलो" म्हटले की आजीही बरोबर होती असे होते, म्हणून "आम्ही" लिही, असे मी सांगितले. त्यावर "पण आजीला सोडून गेलो असं कशाला लिहायचं?" असे तिने विचारले. व्याकरण माझ्या बाजूने होते, तरी क्षणभर मला उत्तर सुचले नाही. शेवटी, आजी बरोबर असती तर तिला कार्ड कशाला लिहावे लागले असते, हा मुद्दा तिने नाराजीने मान्य केला.

खरी अडचण मात्र "काल", "इथे" आणि "आता" या तीन शब्दांची आहे आणि ती तपासणाऱ्यांच्याही ध्यानात क्वचितच येते. कार्ड पोहोचायला चार दिवस लागले, तर आजीचा "काल" हा नातीचा काल नसतो. आणि "आता मला झोपायला जायचे आहे" हे आजी भर सकाळी वाचते. प्राचीन रोमन लोक पत्रात कधी कधी वाचणाऱ्याच्या वेळेत जाऊन लिहीत. म्हणजे "मी हे लिहीत आहे" असे न म्हणता "मी हे लिहीत होतो" असे म्हणत, कारण पत्र उघडले जाईल तेव्हा लिहिणे केव्हाच संपलेले असणार. सिसेरोच्या पत्रांत अशी भूतकाळी वाक्ये सापडतात. आठ वर्षांच्या मुलीला सिसेरो सांगण्याइतका मी वाह्यात नाही. मी फक्त "काल" खोडून वार लिहायला सांगितला. वार आजीच्या घरीही तोच असतो.

आता उरला समुद्र. तो छान आहे हे आजीला ठाऊक आहे, आणि ज्या वाक्यातला "समुद्र" काढून "डोंगर" घातला तरी काहीच बिघडत नाही, ते वाक्य त्या जागेवरून लिहिलेले नसते. माझे आल्हाददायक हवेचे वाक्य त्याच जातीचे होते. मी तिला एवढेच विचारले, की त्या शंखाचे पुढे काय झाले. मग ती पेन्सिल बाजूला ठेवून पाच मिनिटे न थांबता बोलली. त्यातले काय ठेवायचे यावर आमची पुष्कळ ओढाताण झाली, दोनदा खोडरबर फिरले, आणि अखेर चौकोनात हे उतरले:

"प्रिय आजी, शनिवारी दुपारी आम्हाला वाळूत एक शंख सापडला. मी तो तुझ्यासाठी खिशात घातला, तर खिसा चालायला लागला! आत एक छोटा खेकडा राहत होता. मी शंख होता तिथेच परत ठेवला, म्हणून तुझ्यासाठी काही आणत नाही. तुझी नात."

"लाडकी" तिने स्वतःच काढले; आजीला ते माहीत आहे, असे तिचे म्हणणे पडले. मी बोटांवर मोजले, तर सदतीस शब्द भरले. मला ते पुरेसे वाटत होते. पण स्वाध्याय म्हणजे स्वाध्याय, तीन शब्द हवेतच, असा तिचा आग्रह होता. तिने थोडा वेळ छताकडे पाहिले आणि सहीच्या वर, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, अक्षरे दाबून दाबून लिहिले: "बाकी आल्यावर सांगते."

कार्ड पोहोचेपर्यंत ती स्वतःच पोहोचलेली असेल, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण चाळीस भरले होते आणि तिने वही मिटली होती.