प्रोफाइलचा सारांश: बॅकएंडमधून प्रॉडक्टकडे जाताना

शनिवार

लिंक्डइनवरचा ‘अबाउट’ आज नव्याने लिहायला घेतला. आठ वर्षं बॅकएंडवर काम झालं, आता प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचं पक्कं केलंय, आणि प्रोफाइल मात्र अजून इंजिनिअरच्या नोकरीसाठी लिहिलेलं आहे. त्या कामासाठी ते चांगलंच होतं. जावा, काफ्का, पोस्टग्रेस, चाळीस सेकंदांचं काम सहा सेकंदांवर आणलं वगैरे. इंजिनिअर नेमणाऱ्याला हेच वाचायचं असतं. प्रॉडक्टवाला मात्र दुसरंच काही शोधत असतो. हिने वापरणाऱ्याची अडचण कधी स्वतः हुडकून काढली आहे का? दोन रस्त्यांपैकी एक विचार करून सोडला आहे का? आणि पुढे काय झालं ते मोजलं आहे का? माझ्या कामात हे सगळं आहे, परिच्छेदात एका शब्दानेही नाही.

‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून. पण उघडल्या उघडल्या त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘see more’ दाबल्यावर. मोबाइलवर तर त्याहून कमी. म्हणजे खरी लढाई त्या दोन-तीन ओळींची. तिथे ‘तंत्रज्ञानाची आवड असलेली, परिणामांवर लक्ष केंद्रित करणारी व्यावसायिक’ असलं काही घातलं तर दाबणार कोण? ते वाक्य कुणाच्याही नावाखाली चालतं.

म्हणून ठरवलं, आठ वर्षांचा हिशोब द्यायचा नाही. तो खाली अनुभवाच्या भागात आहेच. वर एकच काम घ्यायचं आणि ते नीट सांगायचं.

कोणतं घ्यावं यावर बराच वेळ गेला. मनात पहिलं आलं ते सगळ्यात मोठं काम, जुनी एकसंध प्रणाली तोडून वेगवेगळ्या सेवा केल्या ते. त्यात घाम खूप गाळलाय, पण त्यात ‘का’ माझं नव्हतं. निर्णय वरून आला होता, मी तो पार पाडला. त्यामानाने छोटं असलेलं बँक स्टेटमेंट इम्पोर्टचं काम जास्त उपयोगाचं, कारण तिथे प्रश्नच मी बदलला होता.

झालं होतं ते असं. आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. ग्राहक बँकेची फाइल चढवतात आणि नोंदी आपोआप तयार होतात. तक्रार होती की इम्पोर्ट फार हळू आहे, आणि मला सांगितलं होतं की वेग वाढव. सुरुवात करण्याआधी मी सपोर्टकडची त्या विषयावरची तिकिटं वाचून काढली. ‘हळू’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी होता, पण त्याच्या पुढेमागे वाचलं की कळायचं, लोक वाट बघायला वैतागलेले नव्हते. वाट बघून झाल्यावर शेवटी ‘स्तंभ जुळत नाहीत’ असा एरर यायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं, त्याला वैतागले होते. फाइलमधलं ‘तारीख’ दुसऱ्या स्तंभात आहे की तिसऱ्या, हे आमची प्रणाली अगदी शेवटी तपासत होती. वेग दुप्पट केला असता तर तोच एरर दुप्पट वेगाने दिसला असता.

मग मी सुचवलं की फाइल निवडताच पहिल्या पाच ओळी पडद्यावर दाखवू, आणि कोणता स्तंभ कशाचा ते ग्राहकालाच तिथे निवडू देऊ. दुसरा पर्याय होता प्रत्येक बँकेचा नमुना आपोआप ओळखण्याचा. इंजिनिअर म्हणून मला तोच जास्त आवडला असता. पण बँका नमुने न सांगता बदलतात, त्यामुळे ती कायमची देखभाल गळ्यात पडली असती. तो सोडला.

आजचा मजकूर इथवर आला (प्रोफाइल इंग्रजीत असेल, विचार करायला मराठी बरी पडते):

‘बँक स्टेटमेंट इम्पोर्ट हळू आहे म्हणून वेग वाढवायला सांगितलं होतं. सपोर्टची तिकिटं वाचल्यावर दिसलं की अडचण वेगाची नाही, शेवटच्या पायरीला येणाऱ्या एररची आहे. मी आधी तो प्रश्न सोडवण्याचा प्रस्ताव मांडला.’

या तीन ओळी दिसल्या तर पुढे काय झालं ते बघायला माणूस दाबेल असं वाटतं. मला तरी दाबावंसं वाटलं असतं.

रविवार

आकड्यांवर अडले. माझ्याकडे दोन आकडे होते. एक, पहिल्याच प्रयत्नात पूर्ण होणाऱ्या इम्पोर्टचं प्रमाण. दुसरा, त्या विषयावरच्या तिकिटांची घट. दुसरा दिसायला जास्त भारी. पण त्याच महिन्यात मदतीचं पान नव्याने लिहिलं गेलं होतं. तिकिटं माझ्या बदलामुळे किती कमी झाली आणि त्या पानामुळे किती, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. मुलाखतीत पहिल्याच उलट प्रश्नाला तो आकडा ढासळेल. काढून टाकला.

पहिला आकडा मात्र भक्कम आहे. बदल आम्ही सुरुवातीला काही ग्राहकांनाच दिला होता, बाकीच्यांकडे जुनीच पद्धत होती. त्याच आठवड्यांत जुन्या पद्धतीत १०० पैकी ६३ इम्पोर्ट पहिल्या फटक्यात पूर्ण झाले, नव्यात ८१. मदतीचं पान दोघांनाही तेच दिसत होतं. म्हणून हा फरक आमच्या बदलाचा म्हणता येतो. आणि हे प्रमाण आहे, किती ग्राहक किंवा किती उलाढाल हे त्यातून बाहेर पडत नाही. तरीही कंपनीचा आकडा चारचौघांत मांडायचा, तर उद्या मॅनेजरना विचारून घेईन. नको म्हणाले तर ‘पहिल्या प्रयत्नात अडकणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं’ एवढंच लिहीन. ३७ वरून १९, म्हणजे तेही खरंच आहे.

संध्याकाळी एका जुन्या सहकारी मैत्रिणीला मजकूर पाठवला. ती आता प्रॉडक्टच्या मुलाखती घेते. फोनवर तिने पहिलाच प्रश्न विचारला, “त्या टीममध्ये प्रॉडक्ट मॅनेजर नव्हता का?”

“होता की. मी प्रस्ताव मांडला, त्याने प्राधान्य दिलं.”

“मग तसंच लिही. ‘मी प्रॉडक्टची दिशा ठरवली’ असं कुणी लिहिलं की मी विचारते, तुला नाही कोण म्हणू शकत होतं? तिथे बरेच जण गडबडतात. तू तिकिटं वाचलीस, प्रस्ताव मांडलास, आपोआप ओळखायचा पर्याय का नको ते पटवून दिलंस. एवढं इंजिनिअरकडून आलं तर मला पुरे आहे.”

मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद तपासत बसले. कुठे ‘शोधलं’, कुठे ‘सुचवलं’, कुठे ‘पटवलं’, कुठे ‘बांधलं’, आणि ‘ठरवलं’ फक्त तिथे जिथे शेवटचा शब्द माझा होता. तो एकाच ठिकाणी निघाला: पहिल्या आवृत्तीत फक्त सीएसव्ही फाइल घ्यायची, पीडीएफ नाही. हे खरंच मी ठरवलं होतं, आणि का, तेही सांगू शकते. पीडीएफमधून आकडे काढताना एखादा अंक चुकला तर तो एररही देत नाही, गुपचूप हिशोबात जाऊन बसतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो धोका घ्यायचा नव्हता. हे वाक्य मजकुरात घातलं. मला वाटतं सगळ्या सारांशात हेच सगळ्यात प्रॉडक्टचं वाक्य आहे, कारण त्यात काय नाही केलं ते आहे.

मंगळवार

मॅनेजरनी प्रमाण लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्यांना माझा विचार आधीपासून माहीत आहे, त्यामुळे विचारणं सोपं गेलं. ज्यांनी ऑफिसात अजून सांगितलेलं नाही त्यांनी प्रोफाइल बदलण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बदलांची सूचना ओळखीच्यांना जाणं बंद करावं. ‘ओपन टू वर्क’ही फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, पण स्वतःच्या कंपनीत ते कुणालाच कळणार नाही याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही.

आज हेडलाइन. तिथे २२० अक्षरं, पण शोधाच्या यादीत किंवा कुणाच्या पोस्टखाली कमेंट केली की तिचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो. रिक्रूटर शोधताना पद टाइप करतात, म्हणून ‘प्रॉडक्ट मॅनेजमेंट’ हे शब्द तिथे असायला हवेत. नुसतं ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ लिहिणार नाही, कारण ते पद मी अजून भूषवलेलं नाही आणि नोकरीच्या वेळी जुन्या पदांची पडताळणी होतेच. ‘प्रॉडक्ट मॅनेजर होण्यास इच्छुक’ हेही नको. त्यात माझी इच्छा कळते, मी काय करू शकते ते कळत नाही. शेवटी हे ठेवलं: ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिशोब आणि बँकिंग डेटा; आता प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे’. क्षेत्र लिहिल्याचा फायदा असा की पद बदलत असताना निदान विषय तरी तोच राहतो. नव्या पदावर नवखी आणि नव्या क्षेत्रातही नवखी, अशा दुहेरी नवखेपणावर कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. म्हणून अर्जही आधी याच क्षेत्रातल्या कंपन्यांना.

सारांशाच्या शेवटी दोन गोष्टी राहिल्या होत्या. इंजिनिअरिंगचं काय करायचं? काही जण प्रॉडक्टकडे जाताना ते लपवतात. मला ते पटत नाही. फक्त तंत्रज्ञानाची यादी कौशल्यांच्या भागात हलवली आणि वर एक वाक्य ठेवलं: ‘कोणता बदल दोन दिवसांचा आणि कोणता दोन महिन्यांचा, हे मी टीमसोबत बसून लवकर ओळखू शकते, त्यामुळे छोटी आवृत्ती आधी बाहेर काढता येते.’ सीएसव्हीच्या निर्णयानंतर ते आल्यामुळे पोकळ वाटत नाही. दुसरी गोष्ट, मला काय हवंय. ‘नव्या संधींसाठी खुली’ याच्याऐवजी ‘लहान व्यवसायांसाठी हिशोब किंवा पेमेंटची उत्पादनं बनवणाऱ्या टीममध्ये प्रॉडक्ट मॅनेजर किंवा टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरची भूमिका शोधते आहे’. यामुळे काही संदेश येणार नाहीत. चालेल, तसेही ते माझ्या कामाचे नसते.

सगळं मिळून १३०० अक्षरांच्या आसपास झालं, म्हणजे जागेच्या निम्मं. भरायचं म्हणून भरणार नाही. आता खालच्या अनुभवाच्या भागात अजून ‘इम्पोर्ट सेवेची प्रक्रिया ४० सेकंदांवरून ६ सेकंदांवर आणली’ असंच आहे. तेही खरं आहे, पुढच्या आवृत्तीत वेगही वाढवला होता. पण वर एक गोष्ट आणि खाली दुसरी दिसली तर वाचणारा गोंधळेल. उद्या त्या ओळीच्या आधी स्तंभ जुळवण्याची ओळ आणि ६३ ते ८१ घालायचं, आणि मग मैत्रिणीला परत एकदा पाठवायचं.